मदत हवी आहे: डिस्प्लेसमेंट, प्रोजेक्शन की रिअॅक्शन फॉर्मेशन? एका प्रश्नावर रूममध्ये भांडण लागलंय

विश्रामबाग_बॅकबेंचर
मंडळी, मी सांगलीत राहतो, एमबीबीएस फायनल इयर. सायकियाट्रीचा भाग तसा छोटा पण डिफेन्स मेकॅनिझमचे, म्हणजे न पेलणाऱ्या भावनेपासून मन नकळत स्वतःला कसं वाचवतं त्याचे, दोन-तीन एमसीक्यू येतातच आणि तिथंच माझी गाडी अडते. व्याख्या सगळ्या पाठ आहेत, पण चार ओळींची केस आली की तिन्ही बरोबर वाटायला लागतात. हा प्रश्न बघा.

तासगावकडचा तीस वर्षांचा माणूस. वडील गेल्यापासून द्राक्षबागेचे सगळे पैसे थोरला भाऊ बघतो. याला विचारलं तर म्हणतो, दादाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण जमिनीचा विषय निघाला की याचा जबडा आवळतो, आवाज चढतो. अलीकडं बायकोला सारखं सांगतो की वहिनी माझा द्वेष करते, मला घराबाहेर काढायला टपलीय. घरातल्या कुणालाच वहिनीच्या वागण्यात तसं काही दिसलेलं नाही.

आन्सर की मध्ये उत्तर प्रोजेक्शन आहे. मला ते पटत नाही ओ. राग दादावरचा, निघाला वहिनीवर, म्हणजे टार्गेट बदललं, मग हे डिस्प्लेसमेंट का नाही?

हळदबाजार
भावा एवढा विचार करायचाच नाही. माझी ट्रिक सांगतो, आरोप केला की प्रोजेक्शन, दुसऱ्यावर खेकसला की डिस्प्लेसमेंट, गरजेपेक्षा जास्त गोड वागला की रिअॅक्शन फॉर्मेशन. शेवटची ओळ वाचायची, टिक करायचं, पुढं जायचं. माझं यावरच निघालं सगळं.

घाटमाथा
मी साताऱ्यात सायकियाट्रीची प्रॅक्टिस करते. हळदबाजार यांची ट्रिक सोप्या प्रश्नात चालेल, पण आरोप म्हणजे प्रोजेक्शन हे धरून बसलात तर फसाल. पोरगं नापास झालं आणि म्हणालं सरांनी शिकवलंच नाही, हाही आरोपच की, पण तिथं पोरगं स्वतःची भावना सरांना चिकटवत नाहीये, आपल्या नापासाला पटेल असं कारण शोधतंय. ते रॅशनलायझेशन.

बॅकबेंचर, तू टार्गेट बदललं ते बरोबर पकडलंस, पण त्याआधी एक बघायचं राहिलं. वाक्य घे, "मी दादाचा द्वेष करतो". यात तीन गोष्टी आहेत, भावना कुणाची, भावना कोणती आणि कुणाबद्दल. तुझाच माणूस घेऊ आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलू.

समजा तो दादासमोर गप्प बसतो आणि बागेत फवारणीला आलेल्या गड्यांवर क्षुल्लक कारणावरून ओरडतो. राग त्याचाच आहे, रागच आहे, फक्त ज्याच्यावर काढायची छाती नाही तिथून उलट उत्तर न देणाऱ्या माणसावर आलाय. हे डिस्प्लेसमेंट.

समजा तो म्हणतो दादा माझा द्वेष करतो. भावना द्वेषाचीच राहिली, पण ती आता दादाच्या मनात जाऊन बसली आणि हा बिचारा सोसणारा झाला. हे प्रोजेक्शन.

समजा तो गावभर दादाची स्तुती करतो, दादाबद्दल कुणी चकार शब्द काढला तर अंगावर जातो, दादाने हिशेब पुढे केला तरी बघायलाही नकार देतो. माणूस तोच, भावना याचीच, पण उलटी झालीय. हे रिअॅक्शन फॉर्मेशन.

आता तुझी केस. शेवटी द्वेष कोण करतंय? त्याच्या म्हणण्याप्रमाणे वहिनी. तो वहिनीवर ओरडत असता तर तू बरोबर होतास. इथं त्याने स्वतःचा द्वेष अंगावरून झटकून दुसऱ्याच्या नावावर टाकलाय, म्हणून प्रोजेक्शन.

रूम_नंबर_सात
मी याचा रूममेट, भांडण माझ्याशीच चालू आहे 😀 मॅडम, सगळं पटलं, पण दादाऐवजी वहिनी आली हे तर खरंच आहे ना? मग दोन्ही आहेत असं का म्हणायचं नाही?

घाटमाथा
म्हणू शकतोस, आणि खऱ्या पेशंटमध्ये मी तसंच म्हणेन. अशा साखळ्या जुन्याच आहेत. फ्रॉइडने 1911 साली श्रेबर या न्यायाधीशाच्या आठवणींवर लिहिताना अशीच एक साखळी मांडली होती, आधी "माझं त्याच्यावर प्रेम आहे" चं "मी त्याचा द्वेष करतो" झालं, तेही सहन होईना म्हणून "तोच माझा द्वेष करतो, छळतो" झालं. पहिल्या पायरीला भावना उलटली, दुसऱ्या पायरीला मालक बदलला. श्रेबरच्या आजाराचं ते स्पष्टीकरण आज फारसं कुणी जसंच्या तसं मानत नाही, पण पायऱ्या समजून घ्यायला झकास आहे. एमसीक्यूत मात्र एकच टिक करायची असते, म्हणून शेवटच्या वागण्यात ती भावना कुणाच्या नावावर आहे ते बघायचं.

आणि घरातल्यांना तसं काही दिसलेलं नाही, हे वाक्य उगाच दिलेलं नाही. वहिनी खरंच त्याला काढायला बघत असेल तर त्याची तक्रार खरी आहे, मेकॅनिझम कसलं घेऊन बसलात. उलट तो कुणाचंच ऐकेनासा झाला, वहिनी जेवणात काहीतरी कालवते म्हणून जेवण सोडलं, तर मी डिफेन्सचं नाव घेत बसणार नाही, आधी डिल्यूजन, म्हणजे कितीही समजावलं तरी न हलणारा खोटा समज, आहे का ते तपासेन.

वाईची_सुमन
मी डॉक्टर नाही, सहज वाचत होते. आमचे हे ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आत माझ्यावर आणि पोरांवर चिडतात, साहेबांचा फोन आला की मात्र आवाज एकदम मऊ. म्हणजे हे डिस्प्लेसमेंटच ना? यावर काही गोळी असते का?

घाटमाथा
सुमनताई, वाचून तसं वाटतं खरं, पण कागदावरच्या माणसाच्या मनात काय आहे ते प्रश्न काढणाऱ्यानेच सांगितलेलं असतं, तुमच्या यांच्या बाबतीत ते मला इथून कसं कळणार? भूक, अपुरी झोप, दारू, डिप्रेशन, कशानेही माणूस घरी चिडतो. मेकॅनिझमवर गोळी नसते. रोजचंच झालं असेल किंवा हात उगारण्यापर्यंत जात असेल तर जवळच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा, ते सोसत बसू नका.

विश्रामबाग_बॅकबेंचर
मॅडम लय भारी, वाक्याचे तीन तुकडे करायचे हे डोक्यात बसलं. पण रिअॅक्शन फॉर्मेशनचं अजून एक विचारतो, तो माणूस जमिनीत वाटा मिळावा म्हणून मुद्दाम दादाशी गोड बोलत असेल तर? आणि दुसरं, रात्री दादाला वाट्टेल ते बोलला आणि सकाळी कंदी पेढे घेऊन पाया पडला तर?

घाटमाथा
पहिलं म्हणजे सरळ नाटक. आपल्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक आहे, त्यामुळं डिफेन्स नाहीच. रिअॅक्शन फॉर्मेशनवाल्याला आपला राग माहीत नसतो, आणि ते गोड वागणं ताठर असतं, फायदा असो नसो, नुकसान झालं तरी सुटत नाही. म्हणून वर मी हिशेब बघायला नकार घातला होता, त्यात त्याचाच तोटा आहे.

दुसरं अनडूइंगकडं जातं. राग एकदा बाहेर आला, मग तो पुसायला पेढे आले. रिअॅक्शन फॉर्मेशनमध्ये राग बाहेर येतच नाही, त्याच्या जागी कायम गोडवाच असतो.

हळदबाजार
आणि प्रश्नात रात्रीचं भांडण लिहिलंच नसेल, नुसते पेढे आणि पाया पडणं दिलं असेल तर?

घाटमाथा
तर दोन्ही बसतात. ऑप्शनमध्ये दोन्ही दिले असतील तर तो प्रश्नच कच्चा आहे. माझा कल रिअॅक्शन फॉर्मेशनकडं राहील, कारण पुसण्यासारखी कृती दिलेली नाही.

रूम_नंबर_सात
मी अनडूइंग टिक करेन. पेढे काय रोज कोण आणतं, काहीतरी झालं असणारच की रात्री.