व्हिक्टोरिया 3: स्वीडन घेतला आणि दहा वर्षांत दिवाळं वाजलं. कुठं चुकतोय?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. शाळेत असताना राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत एज ऑफ एम्पायर्स 2 चालू केला, तो अजून सुटला नाही. मध्ये सिव्हिलायझेशन 5 झाला, टोटल वॉर झाला. वाटायचं, आपल्याला स्ट्रॅटेजी जमते. मागच्या महिन्यात सेलमध्ये व्हिक्टोरिया 3 घेतला आणि आता स्वतःवरच शंका यायला लागली आहे.

तिसरा प्रयत्न आहे, देश स्वीडन. 1836 ला सुरुवात केली. खजिना बरा होता म्हणून लगेच कन्स्ट्रक्शन सेक्टर वाढवले. एजमध्ये आधी गावकरी वाढवतो तसंच. आयर्न-फ्रेमचा पर्याय दिसला तसा सगळीकडं एकदम लावला, कारण त्यात बांधकाम कितीतरी पटीनं वेगात दाखवत होतं. तिथून आठवड्याचा हिशोब लाल झाला. 1843 ला डेन्मार्ककडून एक प्रांत मागितला, तर प्रशिया त्यांच्या बाजूनं उभा! मी गपचूप माघार घेतली. 1846 ला कर्जाची मर्यादा संपली आणि दिवाळं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पैसा नेमका कुठं जातोय हे कुठल्या पडद्यावर बघायचं? आणि मागणी टाकायच्या आधी तिसरा कोण मध्ये पडणार हे कळतं का?

गवळीगल्ली_गेमर

भावा, दिवाळं म्हणजे क्रॅश होतो का? माझ्याकडं 8 जीबी रॅम आहे आणि 1890 च्या पुढं एक महिना सरायला चहा पिऊन होतो. रॅम वाढव.

रंकाळाकाठ

नाही ओ, गेम नीट चालतोय. मीच चालत नाहीये.

उद्यमनगरी

आमची फाउंड्री आहे, त्यामुळं तुझं दुखणं वाचूनच ओळखीचं वाटलं. आधी एक काम कर. 1842 चा सेव्ह असेल तर उघड, मार्केटच्या पडद्यावर जा आणि लोखंड आणि टूल्स यांचा भाव इथं लिही. बाकी काही सांगू नको.

रंकाळाकाठ

लोखंड 70. टूल्स 63.

उद्यमनगरी

झालं तर मग. दोन्हींचा मूळ भाव 40 असतो. भाव मूळच्या पाऊण पट वर किंवा पाऊण पट खाली, एवढाच हलू शकतो. म्हणजे लोखंडाची कमाल 70, आणि तुझं लोखंड बरोबर तिथं टेकलंय. मागणी पुरवठ्याच्या दुप्पट झाली की भाव 70 वर जातो आणि तिथंच थांबतो. मागणी तिप्पट झाली तरी आकडा 70 च दिसणार. म्हणून नुसता भाव बघून तूट किती मोठी आहे ते कळत नाही. मालाच्या नावावर जाऊन बाय ऑर्डर आणि सेल ऑर्डर वाचाव्या लागतात.

एजवाल्यांची गोची इथंच होते. तिथं लाकूड 800 जमलं की ते तुझं, पाहिजे तेव्हा वापर. इथं गोदामच नाही. या आठवड्यात जेवढा माल निघाला तेवढाच विकायला, आणि जेवढ्यांना पाहिजे ते सगळे त्यावर बोली लावणार. गुळाच्या सौद्यासारखं समज. फरक एवढाच की उरलेली ढेप उद्याला ठेवता येत नाही.

आता तुझंच उदाहरण घेऊ. समज, तुझ्या खाणी 80 लोखंड विकायला आणत होत्या आणि मागणी 100 होती. वरची 20 ही 80 ची पाव, म्हणून भाव पाऊणच्या पावपट चढतो: 40 चा 47.50. जरा महाग, पण चालतं. मग तू सगळ्या सेक्टरांना आयर्न-फ्रेम लावलंस. मागणी समज 160 झाली, खाणी त्याच. भाव थेट 70. आणि कन्स्ट्रक्शन सेक्टरचा माल कोण विकत घेतो? सरकार. म्हणजे तू स्वतःच भाव चढवलास आणि स्वतःच त्या भावानं खरेदी करत बसलास.

पुढं आणखी एक गाठ आहे. टूल्सच्या कारखान्याला कच्च्या पद्धतीच्या पुढं नेलंस की त्याला लोखंड लागतं. लोखंडाच्या खाणीला टूल्स लागतात. आणि आयर्न-फ्रेमला लोखंड आणि टूल्स दोन्ही. तिघं एकमेकांचा गळा धरून बसलेत.

चिल्लर_हिशोब

म्हणून मी सांगतो, 1850 पर्यंत बांधकाम कमी ठेवायचं, सोनं साठवायचं आणि कर्ज घ्यायचंच नाही. माझा खजिना कायम भरलेला असतो.

उद्यमनगरी

अर्धं बरोबर आहे. युद्धाच्या आधी गंगाजळी पाहिजेच. पण राखीव सोन्याला एक मर्यादा असते आणि तिच्यावर गेलं की जमा होण्याचा वेग कमी कमी होत जातो. म्हणजे तुझा वरचा पैसा वाया चाललाय. त्यापेक्षा थोडी तूट ठेवून चालणाऱ्या खाणी बांधलेल्या बऱ्या. कारखान्यांच्या गल्ल्यात रोख साठली की देशाची कर्जमर्यादाही वाढते. कर्ज वाईट नाही. महागलेल्या लोखंडासाठी कर्ज काढणं वाईट.

कात्यायनी_एक्सप्रेस

लोखंड आयात कर की सरळ. ट्रेड रूट लाव, इंग्लंडकडून घे.

उद्यमनगरी

1.9 आवृत्तीपासून हातानं रूट लावायचं बंद झालं. आता ट्रेड सेंटरं स्वतःच नफा बघून माल आणतात. तुझ्या हातात काय, तर त्या मालावर जकात ठेवायची की उलट अनुदान द्यायचं. लोखंडाच्या आयातीवर अनुदान दिलं तर थोडा आराम पडेल, पण तेही पैसे खजिन्यातूनच जाणार. आणि स्वीडनमध्ये जमिनीखाली लोखंड असताना बाहेरून आणणं म्हणजे कोल्हापुरात राहून गूळ पुण्याहून मागवणं.

दख्खनी_सुलतान

मी म्हणतो हा गेमच सोड. युरोपा युनिव्हर्सालिस 4 घे, 1444 ला बहमनी किंवा विजयनगर निवड. आपला इलाखा, आपली माणसं. बाजारभावाची कटकट एवढी नाही.

रंकाळाकाठ

घेणार आहे, पण आधी हा हरवायचाय. उद्यमनगरी, मग क्रम काय?

उद्यमनगरी

1842 च्या सेव्हमधून सांगतो. आजच्या आज सगळ्या सेक्टरांना परत लाकडी पद्धतीवर आण. बांधकामाच्या रांगेतून लोखंडाच्या खाणी सोडून बाकी सगळं काढ. रांग मोकळी झाली की सेक्टर मालही कमी उचलतात, म्हणजे खर्च त्याच आठवड्यात उतरायला लागतो. खाणीत माणसं भरली आणि भाव 45 च्या आत आला की टूल्सचा कारखाना. तोही सावरला की आयर्न-फ्रेम, पण एकाच प्रांतात. पद्धत प्रांतागणिक वेगळी ठेवता येते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. एका प्रांतात बदल, दोन महिने भाव बघ, मग दुसरा. नवीन कन्स्ट्रक्शन सेक्टर अगदी शेवटी.

कागलकर

लोखंडाचं झालं ते बरं झालं, पण दुसऱ्या प्रश्नाकडं कुणी बघितलंच नाही. रंकाळाकाठ, मागणी टाकली तेव्हा तुमची इन्फमी किती होती? आणि डेन्मार्कनं उलट काय मागितलं होतं?

रंकाळाकाठ

इन्फमी 11. डेन्मार्कनं बहुतेक वॉर रिपेरेशन्स मागितलेली. पण युद्ध झालंच नाही ना ताई, मी माघार घेतली.

कागलकर

इन्फमी 25 च्या आत आहे, म्हणजे बदनामीमुळं प्रशिया आला असं नाही. प्रशियाला डेन्मार्कनं काहीतरी कबूल करून ओढलं असणार. तुमच्याकडं द्यायला काही नव्हतं, किंवा असून तुम्ही दिलं नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट माघारीची आहे. समोरच्यानं माघार घेतली तर तुमची मुख्य मागणी तुम्हाला मिळते. तुम्ही घेतली तर त्याची मुख्य मागणी त्याला मिळते. माघार फुकट नसते. डेन्मार्कची मुख्य मागणी रिपेरेशन्स असेल, तर 1843 पासून तुमच्या खजिन्यातून दर आठवड्याला कोपनहेगनला हप्ता जातोय. बजेटच्या पडद्यावर खर्चाच्या आकड्यावर माउस धरा आणि एकेक ओळ वाचा.

रंकाळाकाठ

आई शप्पथ. आहे. लाल अक्षरात. तीन वर्षं मी सैन्याचे पगार कापत बसलो होतो आणि पैसा इकडून चालला होता. शिवाय माघारीच्या आधी फौजही मोबिलाइझ केली होती, तेव्हा बंदुका आणि दारूगोळ्याचा भावही चढलेला.

उद्यमनगरी

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी सगळं खापर लोखंडावर फोडत होतो. ताई बरोबर आहेत.

कागलकर

मी नेपल्स घेऊन हेच केलं होतं, समोर ऑस्ट्रिया आला. तेव्हापासून मागणी टाकायच्या आधी तीन गोष्टी बघते. त्या भागात कुठल्या मोठ्या सत्तेचा इंटरेस्ट आहे. ज्याचा नाही तो सहसा मध्ये येत नाही. त्यांच्यापैकी कुणाशी आपले संबंध बरे आहेत आणि कुणावर आपले उपकार आहेत. उपकाराची परतफेड म्हणून त्याला आपल्याकडं ओढता येतं. आणि ती सत्ता आत्ता दुसऱ्या युद्धात अडकली आहे का. प्रशिया दुसरीकडं लढत असताना डेन्मार्क एकटा पडतो, तेव्हा बऱ्याचदा तोच माघार घेतो आणि गोळी न झाडता प्रांत मिळतो.

एक मात्र सांगते, हे पक्कं नसतं. कधी कधी सगळं जुळवूनही कुणीतरी शेवटच्या क्षणी पलीकडं जातो. का गेला ते मला आजवर नीट उलगडलेलं नाही.

उद्यमनगरी

माझं मत जरा वेगळं आहे. पैसा हातात असता तर मी माघार घेतलीच नसती. पलीकडची मुख्य मागणी फक्त रिपेरेशन्सची असेल, तर लढून हरला तरी जातं तेवढंच.

कागलकर

आणि युद्धाचा खर्च, मेलेली माणसं, बंद पडलेल्या खाणी? ते कोण मोजणार?

चिल्लर_हिशोब

म्हणून म्हणतो, सोनं साठवा.

रंकाळाकाठ

चार दिवसांनी लिहितोय. 1842 चाच सेव्ह घेतला आणि डेन्मार्कला हात लावला नाही. सगळं परत लाकडी केलं, तीन खाणी बांधल्या. एक खाण सुरुवातीला नुसतीच उभी होती. नंतर कळलं की माणसंच भरली नव्हती, म्हणून भाव हलत नव्हता. आज 1845 चा मार्च आहे. लोखंड 44, टूल्स 46, आठवड्याचा हिशोब हिरवा. एका प्रांतात आयर्न-फ्रेम लावलंय.

फक्त सगळं लाकडावर आणल्यामुळं आता लाकूड 31 ला गेलंय, मूळ भाव 20. फर्निचरवाले आणि कागदवाले दोघंही तेच ओढतायत. उद्यमनगरी, आता लाकूडतोडीचे कॅम्प वाढवू का दुसऱ्या प्रांतात लोखंडी पद्धत लावून लाकडावरचा भार कमी होतो का बघू?

उद्यमनगरी

आयर्न-फ्रेमलाही लाकूड लागतं, राव. आधी कॅम्प. आणि त्यांना टूल्सवाली पद्धत लावायच्या आधी टूल्सचा भाव बघ.