बोअरचं पाणी आणि लॉक्समधला पांढरा थर

«सांगलीत बोअरच्या पाण्याने केसांच्या जटा, म्हणजे लॉक्स धुतो. साबण लावूनही आत पांढरट काहीतरी राहतं, कपाळाजवळचे लॉक्स मुळाशी बारीक झालेत. काय करू?»

साबणाची वडी आधी बंद करा. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाची चिकट साय बनते, बादलीच्या कडेला बसते तीच. मोकळ्या केसांतून ती निघते, लॉक्समध्ये अडकते. माझंही वर्षभर हेच चाललं होतं; ओला लॉक पिळला की दुधट पाणी यायचं.

आता कंडिशनर नसलेला पातळ शाम्पू पाण्यात मिसळून बाटलीने फक्त टाळूवर सोडतो आणि बोटांच्या पेरांनी चोळतो. लॉक्स घासत नाही, नुसते दाबतो. पिळलेलं पाणी नितळ येईपर्यंत धुतो, शेवटचा तांब्या नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचा. धुणं सकाळीच, कारण रात्री ओले राहिले की कुबट वास धरतात. मेण, घट्ट जेल नकोच.

कपाळाजवळचं बारीक होणं मात्र थरामुळे नसावं. दर आठवड्याला लॉक्सना मुळाशी पीळ देता का? पाच-सहा आठवड्यांनीच द्या, अंबाडा सैल बांधा. मुळाशी दुखत असेल किंवा पुटकुळ्या दिसल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. ताण बराच काळ राहिला तर तिथले केस परत येत नाहीत.