विषय: जादा कॅमेरा आणि लेन्स भाड्याने देण्याबाबत – अनामत किती घ्यावी?

प्रेषक: निखिल, फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कार्यक्रमांचे छायाचित्रण मी करतो हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यासाठी घेतलेली दुसरी सोनी ए७ फोर बॉडी आणि २४-७० जीएम टू लेन्स वर्षातले बरेच महिने कपाटातच असतात, म्हणून गेल्या महिन्यात मी ही जोडी भाड्याने देण्याच्या एका साइटवर टाकली. काल एका गृहस्थांची मागणी आली आहे. त्यांना दोन्ही वस्तू पुढच्या शुक्रवारपासून नऊ दिवसांसाठी हव्या आहेत. त्यांचे खाते नवे आहे, आधीच्या कोणाचा अभिप्राय नाही, आणि १,५०० डॉलर अनामत द्यायला ते तयार आहेत. सामान त्यांना विमानतळाजवळच्या हॉटेलच्या लॉबीत हवे आहे. नव्या किमतीने पाहिले तर हा ऐवज सुमारे ४,८०० डॉलरचा होतो. एवढी अनामत पुरेशी आहे का, आणि समोरच्या माणसाची खातरजमा नेमकी कशी करावी, यावर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

आपला,
निखिल

---

प्रेषक: श्रीरंग, सनीवेल

प्रिय निखिल,

माझ्या मते प्रश्न साधा आहे. अनामत वस्तूच्या पूर्ण किमतीइतकी घ्यावी, म्हणजे ४,८०० डॉलरचा होल्ड त्यांच्या क्रेडिट कार्डावर लावावा. सामान परत आले की होल्ड सोडून द्यायचा, आणि नाही आले तर रक्कम वसूल करायची. शिवाय तुझा घराचा विमा असेलच. चोरी झाली तर तो भरपाई देईल. एवढे दोन आधार असताना जास्त चौकशी करून चांगले ग्राहक दुखावू नयेत. मात्र अनामत झेल या पैसे पाठवण्याच्या सेवेवर किंवा रोख घेऊ नये, कार्डावरच घ्यावी, हे मी आवर्जून सांगतो.

श्रीरंगकाका

---

प्रेषक: मेधा, ओकलंड

नमस्कार,

चित्रपटाची उपकरणे भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर मी बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कार्डाचा आग्रह धरावा हे श्रीरंगकाकांचे म्हणणे योग्यच आहे, परंतु त्यांनी सांगितलेले दोन्ही आधार निखिलच्या बाबतीत तुटण्याजोगे आहेत.

पहिला आधार होल्डचा. होल्ड म्हणजे पैसे हाती येणे नव्हे. बँक ती रक्कम काही दिवस बाजूला धरते, आणि ऑनलाइन व्यवहारात ही मुदत साधारणपणे सात दिवसांची असते. निखिलचे सामान नऊ दिवसांसाठी जाणार आहे, म्हणजे सातव्या दिवसानंतर कॅमेरा त्या गृहस्थांकडे असेल आणि होल्ड मात्र उतरलेला असेल. तो पुन्हा लावावा लागतो, आणि तेव्हा कार्डावर तेवढी शिल्लक मर्यादा असेलच असे नाही. कार्डच चोरीचे असेल तर वसूल केलेली रक्कमही कार्डाचा खरा मालक तक्रार करून परत घेऊ शकतो, आणि तशी तक्रार काही महिन्यांनंतरही येऊ शकते. पूर्ण किमतीच्या होल्डची आणखी एक अडचण अशी की प्रामाणिक, लहान निर्मात्याकडे तेवढी मर्यादा सहसा मोकळी नसते, आणि चोरीचे कार्ड वापरणाऱ्याला मात्र त्याची फिकीर नसते. त्यामुळे ही अट चुकीच्या माणसाला आत घेते आणि योग्य माणसाला बाहेर ठेवते.

दुसरा आधार विम्याचा. घराच्या विम्यात व्यवसायासाठी भाड्याने दिलेली वस्तू बहुधा धरलीच जात नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कॅमेऱ्यासाठी वेगळी पॉलिसी घेतली असली तरी तिच्यात बहुतेक वेळा व्हॉलंटरी पार्टिंगचे कलम असते. कुलूप फोडून नेले तर ती चोरी, पण फसवून का होईना, मालकाने स्वतःच्या हाताने वस्तू सोपवली आणि घेणारा ती घेऊन नाहीसा झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. भाड्याच्या धंद्यातली मोठी चोरी नेमकी याच पद्धतीने होते. म्हणून निखिलने आपली पॉलिसी काढून हे एकच कलम आधी शोधावे, आणि साइटचे स्वतःचे संरक्षण घेणार असेल तर त्याच्या अटींतही हेच वाचावे.

अनामतीचे काम वेगळे आहे. हरवलेले लेन्सचे झाकण, हूडचा तुटलेला कोपरा, उशिरा परत केल्याचे भाडे आणि विम्याचे डिडक्टिबल, म्हणजे भरपाईतला आपण स्वतः सोसायचा वाटा, एवढे तिच्यातून निघाले म्हणजे ती पुरेशी झाली. डिडक्टिबल ५०० डॉलर असेल तर मी ६०० ते ७५० घेईन. वस्तूच जाण्याचा धोका अनामतीने झाकता येत नाही, तो घेणाऱ्याच्या विम्यानेच झाकावा लागतो. म्हणून त्या गृहस्थांकडून विम्याचे सर्टिफिकेट मागावे आणि त्यात भाड्याच्या उपकरणांसाठी वेगळी ओळ व रक्कम आहे का, ते पाहावे. नुसता सार्वजनिक जबाबदारीचा विमा असेल तर त्यातून कॅमेऱ्याचे पैसे मिळत नाहीत. नुकसानीची रक्कम मिळणारा म्हणून निखिलचे नाव लिहिलेले असावे आणि तारखांत नऊही दिवस बसावेत. यानंतर एजंटला फोन करावा, पण सर्टिफिकेटवर छापलेल्या क्रमांकावर नव्हे. एजन्सीचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधून त्यावर करावा, कारण बनावट सर्टिफिकेटवर क्रमांकही बनावट असतो आणि पलीकडचा माणूस सगळे ठीक असल्याचे अतिशय नम्रपणे सांगतो.

माणसाची खातरजमा करताना मी ओळखपत्रापेक्षा कामाबद्दल जास्त विचारते. चित्रीकरण कुठे आहे, कोणाचे आहे, याच लेन्सची गरज का आहे, मेमरी कार्डे कोणती वापरता? खरे काम करणारा माणूस यावर भरभरून बोलतो. हॉटेलची लॉबी मला अजिबात पसंत नाही. ओळखपत्रावरचे नाव, कार्डावरचे नाव आणि सर्टिफिकेटवरचे नाव जुळावे, आणि सामान त्याच माणसाच्या हाती द्यावे, त्याने पाठवलेल्या मित्राच्या हाती नव्हे.

मेधा

---

प्रेषक: सुनीता, सॅन होजे

मेधाताई,

अनामतीचा विषय निघाला आहे म्हणून माझी गोष्ट सांगते. मीही अशीच एक २४-७० लेन्स एका मुलीला शनिवार-रविवारसाठी दिली होती. परत आली तेव्हा बाहेरून स्वच्छ होती, फक्त फिल्टर लावायच्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढी चकाकणारी खूण होती. मी अनामत सोडून दिली. पुढे एका मुंजीच्या फोटोंत उजव्या बाजूला बसलेली सगळी माणसे मऊ, म्हणजे अस्पष्ट, आली आणि डावीकडची मात्र लख्ख होती. दुरुस्तीचा अंदाज ४८० डॉलर आला. ती मुलगी म्हणते की लेन्स आधीपासूनच तशी होती. माझ्याकडे लेन्स देतानाचे आठ फोटो आहेत, सगळ्या बाजूंनी काढलेले. आता साइटकडे दाद मागता येईल का?

सुनीता

---

प्रेषक: मेधा, ओकलंड

सुनीता,

तुझे वर्णन वाचून लेन्स पडली किंवा आपटली असावी असेच वाटते. कडेवरची खूण आणि एकाच बाजूचा मऊपणा एकत्र आले की आतले भिंग किंचित सरकलेले असण्याची शक्यता मोठी असते. परंतु ते त्याच दोन दिवसांत झाले हे बाहेरून काढलेल्या फोटोंनी सिद्ध होत नाही, आणि तिथेच तुझी बाजू अडते. खूण देतानाच्या फोटोत नसेल तर तेवढा पुरावा जरूर पाठव. मात्र नुकसान कळवण्याची साइटची मुदत फार थोडी असते, ती उलटून गेली असेल तर पैसे मिळतील अशी आशा मी तुला देणार नाही.

निखिलनेही हे करून ठेवावे. लेन्स देण्याआधी कॅमेरा तिपाईवर लावून विटांच्या भिंतीसमोर, भिंतीला समांतर ठेवावा. छिद्र पूर्ण उघडे, म्हणजे २.८ वर ठेवावे, कारण आठवर हा दोष झाकला जातो. थरथर रोखणारी यंत्रणा बंद करावी, मधल्या विटेवर हाताने फोकस करावा, आणि २४ व ७० अशा दोन्ही टोकांना एकेक फोटो काढावा. मग कॅमेरा उलटा करून तेच फोटो पुन्हा घ्यावेत. मऊपणा चौकटीच्या त्याच बाजूला राहिला तर दोष लेन्सचा, आणि भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर कॅमेरा समांतर नव्हता. सेन्सरसाठी छिद्र १६ वर नेऊन, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा. धूळ ठिपक्यांच्या रूपाने दिसते. लेझरने जळालेल्या सेन्सरवर मात्र रंगीत रेघ किंवा डाग येतो, आणि तो प्रत्येक फोटोत नेमका त्याच जागी असतो. आजकाल संगीताच्या कार्यक्रमांत डीजे लेझर सोडतात, त्यामुळे लेझरचे नुकसान भाड्याने घेणाऱ्याकडे राहील असे करारात स्पष्ट लिहावे.

बॉडीवरचा आणि लेन्सवरचा क्रमांक वाचता येईल असा फोटो फोनने घ्यावा आणि सामान घेणाऱ्याच्या समोरच ही तपासणी दाखवून त्याची सही घ्यावी. परत आल्यावर त्याच भिंतीसमोर तेच फोटो काढावेत, आणि तोपर्यंत अनामत सोडू नये. ही तपासणी अर्ध्या तासात होते.

मेधा

---

प्रेषक: श्रीरंग, सनीवेल

मेधाताई,

होल्ड सात दिवसांत उतरतो हे मला माहीत नव्हते, आभार. पण समजा माणूस सामान घेऊन गप्प बसला, तर पोलीस हा आपसातला व्यवहार आहे असे म्हणून परत पाठवत नाहीत का? मग लेखी कराराचा उपयोग काय?

श्रीरंगकाका

---

प्रेषक: मेधा, ओकलंड

काका,

पुष्कळदा तसे म्हणतात खरे, आणि म्हणूनच करार लेखी हवा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशी तरतूद आहे की, लेखी कराराने भाड्याने दिलेली वस्तू घरगुती वापराची नसेल आणि १,००० डॉलरहून अधिक किमतीची असेल, मुदत संपल्यावर मालकाने रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड टपालाने लेखी मागणी केली आणि त्यानंतर १० दिवसांत ती परत आली नाही, तर फसवून चोरी करण्याचा हेतू होता असे गृहीत धरता येते. आरोपीला ते खोडून काढता येते, पण तक्रार दाखल करून घ्यायला हा आधार चांगला पडतो. यासाठी करारावर खरा टपालाचा पत्ता असावा लागतो. हॉटेलच्या खोलीच्या क्रमांकावर सर्टिफाइड पत्र पाठवून काही साधत नाही.

करारात वस्तूची किंमत नव्या वस्तूची धरायची की आजच्या जुन्या वस्तूची, हेही लिहावे. निखिलची लेन्स २०२२ मध्ये बाजारात आली तेव्हा नवी २,२९९ डॉलरची होती. वापरलेली किती कमी किमतीला मिळते ते आपण सगळे जाणतोच, आणि निम्मी भांडणे या फरकावरूनच होतात.

मेधा

---

प्रेषक: अभिजित, सांता क्लारा

नमस्कार,

निखिल, तू अजून एच-वन व्हिसावर असशील तर हाही विचार कर. कपाटातली वस्तू कधीतरी भाड्याने देणे वेगळे, आणि साइटवर जाहिरात करून, ग्राहकांशी बोलून, सामान पोहोचवून नियमित उत्पन्न घेणे वेगळे. दुसरा प्रकार परवानगीशिवाय केलेले काम ठरू शकतो, असे माझ्या वकिलांनी मला सांगितले होते. दुसऱ्या एका वकिलांचे मत याहून सौम्य होते. तू तुझ्या वकिलांना विचारल्याशिवाय सामान देऊ नकोस. उत्पन्न कर विवरणपत्रात दाखवावे लागेल, ते निराळेच.

अभिजित

---

प्रेषक: निखिल, फ्रीमाँट

सर्वांचे मनापासून आभार.

त्या गृहस्थांना मी सर्टिफिकेट, चित्रीकरणाचे ठिकाण आणि टपालाचा पत्ता विचारला, आणि लॉबीऐवजी मंडळाच्या ग्रंथालयात भेटण्याचे सुचवले. भेटीला ते तयार आहेत. सर्टिफिकेट आले, पण त्यात भाड्याच्या उपकरणांची ओळ रिकामी आहे. एजन्सीचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधून मी फोन केला. पॉलिसी खरी आहे, आणि ती ओळ भरायची तर जादा हप्ता भरावा लागेल असे एजंटने सांगितले. ती भरून येईपर्यंत मी सामान देणार नाही, असे त्या गृहस्थांना लिहून कळवले आहे. माझ्या पॉलिसीतही मेधाताईंनी सांगितलेले ते कलम निघाले. व्हिसाबाबत वकिलांची वेळ बुधवारी मिळाली आहे, आणि तोपर्यंत साइटवरची जाहिरात मी बंद ठेवली आहे.

मेधाताई, एक शंका राहिली. उलट्या कॅमेऱ्याची चाचणी माझ्या तिपाईवर करता येत नाही, बॉल हेड तेवढे वळत नाही. काय करावे?

निखिल

---

प्रेषक: मेधा, ओकलंड

निखिल,

तिपाईचा मधला दांडा काढून उलटा बसवता येत असेल तर कॅमेरा खाली टांगला जाईल. तसे होत नसेल तर लेन्स एका घट्ट उशीवर टेकवून ठेव आणि शटर टायमरवर सोड. मात्र भिंतीपासूनचे अंतर आणि समांतरपणा दोन्ही वेळी तोच राहील याची खात्री करून घे.

मेधा