मदत हवी आहे: फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांवरचा निबंध गोष्टीसारखा होतोय

ऐरोली_स्नेहल
एम.ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे, तीन हजार शब्द. मॅडमनी खर्ड्याच्या समासात लिहिलंय, "काय झालं ते कळलं, का झालं ते कुठे आहे?" माझा क्रम असा: १७७४ ला सोळावा लुई गादीवर, अमेरिकेच्या युद्धाला मदत, खजिना रिकामा, १७८८ ची गारपीट, पाव महाग, एस्टेट्स जनरल, बॅस्टिल. जवळजवळ प्रत्येक परिच्छेद "त्यानंतर"ने सुरू होतो. सनावळी काढून टाकू का?

कळवा_परीक्षार्थी
राजकीय, सामाजिक, आर्थिक, वैचारिक असे चार मथळे कर, गोष्ट आपोआप मोडते. आणि शेवटी ठासून लिही की खरं कारण उपासमार. पोटात अन्न नसलं की माणूस उठतोच.

नौपाडा_वाचक
मथळ्यांनी गोष्ट मोडते, हे खरं. पण मग एका गोष्टीच्या जागी चार याद्या येतात, आणि कुठलं कारण कशावर अवलंबून होतं ते कळतच नाही.

स्नेहल, प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचार: हे आधीही होतं, मग तेव्हा क्रांती का झाली नाही? उपासमारच घे. १७७५ मध्ये, याच राजाच्या काळात, धान्य महागलं आणि पॅरिसच्या आसपास दंगे पेटले. सरकारने सैन्य पाठवून ते मोडून काढले. १४ जुलै १७८९ ला मात्र फ्रेंच गार्ड पलटणीतलेच काही शिपाई गर्दीला जाऊन मिळाले. भूक दोन्ही वेळा होती, बदललं होतं ते सरकारचं बळ. म्हणजे भूक हे कारण आहे, पण ती एकटी पुरत नाही.

आता कर्ज. १७८८ मध्ये सरकारी खर्चाचा जवळपास निम्मा भाग कर्ज फेडण्यातच जात होता. पण चौदावा लुईसुद्धा १७१५ मध्ये डोंगराएवढं कर्ज ठेवून गेला होता, तेव्हा गादी हलली नाही. या वेळी वेगळं काय? १७८७ मध्ये अर्थमंत्री कालोनने सरदार आणि धर्मगुरूंसकट सगळ्यांच्या जमिनीवर कर मांडला. राजाने निवडून बोलावलेल्या प्रतिष्ठितांच्या सभेने त्याला साथ दिली नाही. पुढे पॅरिसच्या पार्लमेंटने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, नव्या करांना संमती फक्त एस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि बाकीची जनता या तीन वर्गांची सभाच देऊ शकते अशी भूमिका घेतली. ऑगस्ट १७८८ मध्ये खजिन्याला देणी थांबवावी लागली आणि राजाला ती सभा बोलावणं भाग पडलं. सप्टेंबरात त्याच पार्लमेंटने सभा १६१४ च्या पद्धतीने भरावी असं ठरवलं, प्रत्येक वर्गाची बैठक वेगळी आणि मत एक. म्हणजे तिसरा वर्ग कायम दोनास एकने हरणार. तोवर भांडण राजा आणि सरदारांचं होतं, इथून ते वर्गावर्गांचं झालं.

सनावळी काढू नकोस. सन पुरावा म्हणून येऊ दे, परिच्छेदाची सुरुवात म्हणून नको. पहिलं वाक्य असं हवं की समोरचा त्यावर वाद घालू शकेल. "१७८८ मध्ये गारपिटीने पिकं बुडाली" यावर कोण वाद घालणार? त्याऐवजी लिही: "बुडालेल्या पिकांनी क्रांती घडवली नाही, राजकीय भांडण जुलैत पॅरिसच्या रस्त्यावर का उतरलं एवढंच त्यांनी ठरवलं." आता तुला १७७५ चा दाखला द्यावाच लागेल, आणि जुलै १७८९ मधले पावाचे भावही त्याच परिच्छेदात आपसूक येतील. खर्डा झाला की फक्त पहिली वाक्यं सलग वाच. त्यातून तुझं म्हणणं कळलं नाही, तर गोष्ट अजून मोडलेली नाही.

खारघर_आई
आमच्या नववीतल्या मुलालाही हाच धडा आहे. प्रकल्पात बॅस्टिलचं चित्र पहिल्या पानावर लावलं तर चालेल का?

नौपाडा_वाचक
ताई, चालेल. चित्राखाली हेही लिहायला सांगा की त्या दिवशी या तुरुंगात फक्त सात कैदी होते. लोक मुख्यतः दारूगोळ्यासाठी तिथे गेले होते.

ऐरोली_स्नेहल
सर, मग माझा मुद्दा असा होतो: कर्जामुळे राजाला सभा बोलवावी लागली, मतदानाच्या पद्धतीवरून वर्ग एकमेकांसमोर उभे राहिले, आणि महागाईने पॅरिस त्यात ओढलं गेलं. पण रूसो, व्हॉल्टेअर कुठे बसवू? त्यांच्यावर पाचशे शब्द लिहून ठेवलेत.

नौपाडा_वाचक
पाचशे नकोत. मतदानाच्या भांडणात आबे सिएस या धर्मगुरूची जानेवारी १७८९ ची पुस्तिका घे. तिसरा वर्ग म्हणजेच सगळं राष्ट्र, हा विचार तिथे प्रत्यक्ष कामाला आलेला दिसतो. बाकीचे विचारवंत पार्श्वभूमीला.

वाशी_मास्तर
इथे माझं जमत नाही. १६१४ ची पद्धत अन्यायाची आहे, हे १७८८ मध्ये लोकांना एकदम कसं वाटलं? माणशी एक मत हवं, ही मागणी आधीच्या विचारांशिवाय सुचलीच नसती. मी विचारांना पहिला परिच्छेद देईन.

नौपाडा_वाचक
मग मास्तर, तोच प्रश्न विचारांनाही लावा. रूसो १७७८ मध्ये वारला, त्याची पुस्तकं त्याच्याही आधीची. १७७५ च्या दंग्यांत ती मागणी का आली नाही?

वाशी_मास्तर
कारण तेव्हा मत मागायला सभाच नव्हती! स्नेहल, हा वाद निबंधातच घे, आणि तुझा कौल कुणाकडे ते लिही.