मदत हवी आहे: नोटरीचा भाडेकरार बँकेतही चालला नाही, गॅस एजन्सीतही नाही (नागपूर)

वर्धेची_लेक
नमस्कार. मी दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी वर्ध्याहून नागपूरला आले. त्रिमूर्ती नगरात घरमालकांच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. भाडे 9,000 आणि डिपॉझिट 30,000. मालक काका खाली राहतात, वय 78, स्वभावाने खूप चांगले आहेत. कोर्टाजवळच्या टायपिस्टकडून 500 च्या स्टॅम्पवर 11 महिन्यांचा करार करून नोटरी केला.

आता पगाराचे खाते उघडायचे आहे. काउंटरवरच्या मॅडमनी करार उलटून पाहिला, मागे नोटरीचा शिक्का दिसला आणि "हा चालत नाही" म्हणून परत दिला. मालकांचे लाइट बिल घेऊन या म्हणाल्या. ते नेले तर "तुमचे नाव कुठे आहे यावर?" गॅस एजन्सीत तर वेगळेच सांगितले, या पत्त्यावर आधीच कनेक्शन आहे म्हणे. आधारवर वर्ध्याचा पत्ता आहे. दोन अर्धे दिवस रजेत गेले. करारात नक्की काय असायला हवे?

सक्करदरा_एक्सप्रेस
ताई, 11 महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही, म्हणूनच तर सगळे 11 महिन्यांचाच करतात. बँकवाले उगाच फिरवतात. मॅनेजरला भेटा आणि तक्रार करतो म्हणून सांगा.

दस्तवाला
भाऊ, ते दुसऱ्या राज्यांत. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, तिथून ही 11 महिन्यांची सवय आली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 चे कलम 55 आहे. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हेच काम करतो, नोटरीचे असे करार घेऊन आठवड्याला चार-पाच जण येतात.

जुना_शाखाधिकारी
बँकेत 31 वर्षे काढली आहेत, म्हणून बँकेपुरते सांगतो. बेटा, खाते उघडायला नागपूरच्या पत्त्याचा पुरावा लागतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत पत्त्यासाठी मूळ कागद आहेत ते आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, लायसन्स वगैरे. त्यावर सध्याचा पत्ता नसेल तर तात्पुरते म्हणून दोन महिन्यांच्या आतले लाइट किंवा पाण्याचे बिल, मालमत्ता कराची पावती असे काही चालते, आणि मग तीन महिन्यांत नवीन पत्त्याचा मूळ कागद द्यावा लागतो. भाडेकरार त्या यादीत आहे, पण सरकारी खाते, सार्वजनिक उपक्रम, बँक, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी अशा नोकरी देणाऱ्याने राहायला जागा दिली असेल तर त्याचा. खाजगी मालकाशी केलेला करार त्यात बसत नाही, नोंदवलेला असला तरी. काही शाखा घेतात, काही घेत नाहीत, त्याचे कारण हे.

तुम्ही असे करा. काउंटरवर आधार नंबर द्या, अंगठा लावून ई-केवायसी करू द्या आणि नागपूरचा पत्ता स्वतःच्या सहीच्या घोषणापत्रावर लिहून द्या. नियमात ही सोय स्पष्ट आहे. चेकबुक, कार्ड नागपूरला येईल. मालकांचे लाइट बिल मागणे चूकच होते, ते तुमचा पुरावा होऊच शकत नाही.

बेसा_घरमालक
मी मालकाच्या बाजूने बोलतो. रजिस्टर केले की भाडेकरू कायमचा बसतो, अशी भीती असते. माझ्या मेहुण्याच्या खोल्या सहा वर्षे अडकल्या. त्यामुळे मी भाडेकरूला आधारवर माझा पत्ता टाकूच देत नाही.

दस्तवाला
दादा, मेहुण्यांचा करार नोंदवलेला होता का? बहुतेक नसेल. लीव्ह अँड लायसन्सचा लेखी करार असेल तर मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन खोली परत मागू शकतो, आणि भाडेकरूने खोली सोडेपर्यंत दुप्पट रक्कम मागता येते. उलट करार नोंदवलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या यावर भाडेकरूचे म्हणणे आधी धरले जाते, ते खोटे ठरवायची जबाबदारी मालकावर येते. आणि आधारवर पत्ता असल्याने घरावर हक्क लागत नाही.

ताई, आता गॅसकडे येतो. गॅसच्या कागदांत भाडेकरार चालतो. तुमची अडचण पत्त्याची दिसते. करारातली पत्त्याची ओळ जशीच्या तशी इथे टाकाल का? प्लॉट नंबर झाकून.

वर्धेची_लेक
"मौजा अमुक, खसरा नं. अमुक, प्लॉट नं. अमुक यावरील इमारतीतील वरच्या खोल्या, नागपूर." एवढेच आहे. पिनकोडसुद्धा नाही.

दस्तवाला
इथेच घोडे अडले. आपल्याकडे लेआउटचे पत्ते असेच लिहितात, विक्रीच्या कागदाला ते ठीक आहे. पण एजन्सीच्या संगणकावर तुमचा आणि काकांचा पत्ता एकच दिसतो. एका कुटुंबाला एकच घरगुती कनेक्शन, म्हणून अर्ज अडकतो. "पहिला मजला, स्वतंत्र स्वयंपाकघर, प्लॉट नं., लेआउटचे नाव, त्रिमूर्ती नगर, पिनकोड" असे हवे. तुमचे नाव आधारवर आहे त्याच स्पेलिंगने, मुदत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. अर्जाच्या दिवशी मुदत चालू असली पाहिजे.

जुन्या करारावर खाडाखोड करू नका, नव्या तारखेपासून नवीन करून ऑनलाइन नोंदवा. खर्च बघा: 11 महिन्यांचे भाडे 99,000. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी 11 महिन्यांचे 2,750. एकूण 1,01,750 वर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण 255, वरच्या शंभरात 300. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, दस्त हाताळणी 300. वरून एजंट घरी यायचे घेतो ते वेगळे. हातात इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा मिळतो, त्यावर दस्त क्रमांक असतो. करारासोबत तोही जोडत जा.

धरमपेठ_मिलिंद
मलाही हेच विचारायचे आहे. करार माझ्या नावाने आहे, गॅस बायकोच्या नावाने हवा. चालेल का?

दस्तवाला
मिलिंदभाऊ, करारातच दोघांची नावे भाडेकरू म्हणून टाकली तर प्रश्नच उरत नाही. झालेल्या करारावर एजन्सीगणिक उत्तर बदलते, आधी विचारून घ्या.

वर्धेची_लेक
दहा दिवसांनी लिहिते आहे. खाते उघडले! मॅडमनी आधी नाही म्हटले, मी घोषणापत्राचा नियम सांगितला, त्यांनी आत विचारून लगेच फॉर्म दिला. शाखाधिकारी काका, मनापासून आभार.

मालक काकांना बेसावाल्या दादांना दिलेले उत्तरच वाचून दाखवले, ते नोंदणीला तयार झाले. पण काल एजंट आला तर त्यांचा अंगठाच मशीन घेईना. आयुष्यभर प्रेसमध्ये खिळे जुळवले, रेषा पुसल्या आहेत. हात धुऊन, तेल लावून, दहाही बोटे करून पाहिली. माझे आणि दोन्ही साक्षीदारांचे लगेच झाले. काका एवढे ओशाळले की मलाच वाईट वाटले.

दस्तवाला
वयस्कर लोकांचे नेहमी होते, त्यांना सांगा त्यात त्यांची चूक नाही. एजंटला दुसरे डिव्हाइस आणायला सांगा, सकाळी बोट थोडे ओलसर करून पाहा. आधी आधार केंद्रात नेऊन त्यांचे बायोमेट्रिक अपडेट केले तर जास्त बरे. नाहीच जमले तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदवायचे.

वर्धेची_लेक
शनिवारी काकांना रिक्षाने आधार केंद्रात नेते. तोपर्यंत गॅसचे तसेच आहे, 5 किलोचा छोटा सिलिंडर आणला आहे, त्याला पत्त्याचा पुरावा मागितला नाही. कोणाचे वडीलधारे या अंगठ्याच्या भानगडीतून गेले असतील तर अपडेटनंतर किती दिवसांनी मशीनने घेतले, तेवढे सांगा.