मोरेटोरियमला मराठीत काय म्हणायचं?

रामबागकर : काकांच्या घरकर्जाचं पत्र आलंय. इंग्रजीत मोरेटोरियम, खाली हिंदीत 'अधिस्थगन अवधि : ३ माह'. काकूंना मी सांगितलं, "तीन हप्त्यांची सूट आहे." त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे व्याजही नाही?" मी अडकलो. नेमका शब्द कोणता?

मालवी : कोविडच्या वेळी व्याज माफच झालं होतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

शब्दवेडा : 'ऋणस्थगन' म्हणा. शुद्ध आहे, अर्थही लगेच कळतो.

जुना कॅशियर : 'सूट' अजिबात म्हणू नका, घोटाळा तिथेच होतो. जमीनमहसुलात हे दोन शब्द कायम वेगळे राहिले. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलली, सूट म्हणजे सोडून दिली. मोरेटोरियम ही तहकुबी.

मालवी, मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचं व्याज माफ झालं नव्हतं. मार्च २०२१च्या निकालाने व्याजावरचं व्याज तेवढं काढलं. मूळ व्याज सगळ्यांनी भरलं.

समजा, १० लाख बाकी आहेत, ९ टक्के दर, १८० हप्ते उरलेत. हप्ता १०,१४३. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ७,५०० व्याजाचे, मुद्दल फिटते २,६४३. तीन महिने काहीच भरलं नाही तर बाकी १०,२२,६६९ होते. हप्ता तोच ठेवला तर १८० ऐवजी १८९ भरावे लागतात. तीन ढकलले, नऊ वाढले. जेमतेम ३० हजार थांबवले, त्यापायी शेवटी सुमारे ९० हजार जास्त जातात. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यात व्याजच जास्त असतं, म्हणून हे होतं.

विजयनगर : माझ्या मुलीच्या शिक्षणकर्जात शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नव्हता. दर महिन्याला नुसतं व्याज भरत गेलो, मुद्दल जशीच्या तशी राहिली. काकांना तसं करता येईल का?

जुना कॅशियर : बँक घेत असेल तर उत्तम. नाहीतर तीन महिने संपताच २२,६६९ एकरकमी भरावे, बाकी परत १० लाखांवर येते. तेही जमत नसेल तर हप्ता २३० रुपयांनी वाढवून १८० हप्तेच ठेवायला सांगा. पत्रात मुदत वाढणार की हप्ता, हे लिहिलेलं असतं.

शब्दवेडा : पण तहकूब अरबी-फारसीतून आलेला शब्द आहे, आणि आजकाल फक्त सभा तहकूब होते. नव्या पिढीला कळणार नाही.

मालवी : आमच्या इंदुरात बाया सरळ म्हणतात, "किश्त पुढे सरकली." त्यात व्याजाचा घोळ नाही.

शब्दवेडा : किश्त मराठी आहे का?

रामबागकर : पत्र पुन्हा वाचलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'हप्ता यथावत, अवधि में वृद्धि' आहे, आणि काकांनी त्यावर सही केलेली आहे. बदलता येतं का, ते विचारायला उद्या सकाळी काकूंना घेऊन शाखेत जातो.