'फरक' की 'तफावत'?

हिशेबनीस, सातपूर: ऑफिसचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्चाचा तक्ता दर महिन्याला मी करते. या वेळी चौथ्या रकान्याला 'तफावत' असं नाव दिलं. साहेबांनी कागद हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न केला, "पैसे गेले कुठे?" वीजबिल १२,००० धरलं होतं, आलं १३,८००, एवढंच. शब्द चुकला का?

विद्यार्थी, कॉलेज रोड: असल्या रकान्याला इंग्रजीत 'व्हेरिअन्स' म्हणतात. व्हेरिअन्सला मराठीत 'प्रचरण' म्हणतात, तेच लिहा.

निवृत्त लेखापाल, पंचवटी: तो शब्द संख्याशास्त्रातला. तिथे सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग करतात, इथे साधी वजाबाकी आहे. ताई, 'तफावत' चूक नाही, पण तपासणीच्या अहवालात "तफावत आढळली" वाचलं की रक्कम जुळत नाही असाच अर्थ लागतो. तुमच्याकडे सगळी बिलं जुळलेली आहेत, अंदाज तेवढा हुकला. 'फरक' लिहा.

पतसंस्थेतली कारकून, सिडको: आमच्याकडे काल रोख मोजताना ५० रुपये कमी भरले. तेही 'फरक'च लिहायचं का?

निवृत्त लेखापाल: नाही, तुमची ती खरी तफावत. वहीत एक आणि पेटीत दुसरं.

हिशेबनीस: रंगाचाही घोळ आहे. प्रत्यक्षातून अंदाज वजा करते आणि अधिक आलं की लाल. पण भाड्याची जमा ४,००,००० धरली होती, आली ४,३०,०००. तीही लाल झाली!

निवृत्त लेखापाल: कारण खर्च वाढणं वाईट, जमा वाढणं चांगलं, आणि तुमचं चिन्ह दोघांना एकच. खर्चाच्या ओळींत वजाबाकी उलटी करा:

```
खर्च:  =B2-C2
जमा:   =C2-B2
टक्के: =IF(B2=0,"तरतूद नाही",D2/B2)
```

B अंदाज, C प्रत्यक्ष, D फरक. आता उणे म्हणजे प्रतिकूल, मग ओळ कुठलीही असो. रंगाच्या अटी D वर लावा: शून्यापेक्षा कमी लाल, शून्यापेक्षा जास्त हिरवं. वीज उणे १५ टक्के, लाल. भाडं अधिक ७.५ टक्के, हिरवं. टक्क्यांना भागायचं अंदाजाने, प्रत्यक्षाने नाही.

हिशेबनीस: 'तरतूद नाही' फार आवडलं. प्रिंटर दुरुस्तीचे २,५०० धरलेच नव्हते, तिथे `#DIV/0!` यायचं आणि मी ती ओळच लपवायचे.

पतसंस्थेतली कारकून: आमचा प्रिंटर काळा-पांढरा. लाल-हिरवं दोन्ही करडंच उमटतं, म्हणून शेजारी 'जादा' असा शब्दही लिहितो.

निवृत्त लेखापाल: उत्तम. फक्त जमेच्या ओळीत 'जादा' म्हणजे चांगली बातमी, म्हणून मी 'अनुकूल', 'प्रतिकूल' लिहीन.

विद्यार्थी: ते तर 'प्रचरण'पेक्षाही पुस्तकी झालं, काका!

हिशेबनीस: साहेबांना 'जादा खर्च' आणि 'कमी जमा' लगेच कळेल. पण चांगल्या बाजूचं काय? खर्चाला 'बचत' बसतं. जमा वाढली तर 'वाढीव जमा' म्हणावं का?